डब्याच्या पाठीवरचे नाव

लेस्टर किंवा साउथॉलच्या भारतीय किराणा दुकानात आंब्याच्या पल्पचा ८५० ग्रॅमचा डबा हातात घेतला, की पुढच्या बाजूला आंब्याचे चित्र आणि ब्रँडचे नाव दिसते. डबा फिरवला की बारीक अक्षरांत आणखी एक नाव आणि पत्ता दिसतो. तो आयातदाराचा. ग्रेट ब्रिटनच्या नियमानुसार बंद पाकिटातल्या वा डब्यातल्या खाद्यपदार्थावर, तो ज्याच्या नावाने विकला जातो त्या व्यवसायाचे नाव-पत्ता हवेच. तो व्यवसाय तिथला नसेल तर माल आणणाऱ्याचे. १ जानेवारी २०२४ पासून तिथला स्थानिक पत्ता असल्याशिवाय भागत नाही. रत्नागिरीच्या कारखान्याने स्वतःचा ब्रँड छापला तरी तक्रार घेऊन ग्राहक पोहोचणार तो लेस्टरच्या त्या पत्त्यावर. अनोळखी परदेशी वितरकाला पहिला मेल लिहिणाऱ्या लहान उत्पादकाने लिहायला बसण्याआधी डब्याची ही पाठ नीट पाहावी. आपण त्याला माल घ्या म्हणतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात आपण त्याला आपल्या मालावर त्याचे नाव छापा म्हणत असतो.

हे नाव नुसते शोभेचे नाही. ब्रिटनच्या १९९० च्या अन्नसुरक्षा कायद्यात दोष सापडलेल्या व्यापाऱ्याला एक बचाव दिलेला आहे: शक्य ती सर्व काळजी घेतली होती, हे त्याने दाखवून द्यायचे. ज्याने माल स्वतः बनवला नाही आणि आयातही केला नाही, अशा दुकानदाराला हा बचाव तुलनेने सोप्या अटींवर मिळतो. आयातदाराला ती सोपी वाट नाही. उत्पादक कोण आहे, काय तपासले, कोणते कागद पाहिले, हे त्याला स्वतः दाखवावे लागते. म्हणून नव्या पुरवठादाराचा मेल उघडताना त्याच्या मनात पहिला प्रश्न ‘भाव काय?’ हा नसतो. ‘या माणसाबद्दल मला काय पडताळता येईल, आणि त्यासाठी किती वेळ जाईल?’ हा असतो. पहिल्या मेलचे काम या प्रश्नाला उत्तर देण्याचे आहे, आणि ते उत्तर एवढेच हवे की वीस मिनिटांचा फोन घ्यायला तो तयार व्हावा. माल विकण्याचे काम त्या मेलवर लादले की तो बिघडतो.

कसा बिघडतो, हे नेहमीच्या नमुन्यात दिसते. ‘आदरणीय महोदय/महोदया, आम्ही भारतातील अग्रगण्य उत्पादक व निर्यातदार आहोत. उत्कृष्ट दर्जा, स्पर्धात्मक दर, वेळेवर पुरवठा ही आमची वैशिष्ट्ये. सोबत कॅटलॉग जोडला आहे. आपली मागणी कळवावी.’ यात खोटे काही नसेलही. पण यातले एकही वाक्य वितरकाला पडताळता येत नाही. ‘अग्रगण्य’ तपासायचे कुठे? ‘उत्कृष्ट’ कशाच्या तुलनेत? ‘महोदय/महोदया’ हे तर सांगूनच टाकते, की हा मेल कोणाला जातो आहे हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. आणि शेवटी ‘मागणी कळवा’ म्हणजे, विचार तुम्ही करा, हिशेब तुम्ही मांडा, मग आम्हाला सांगा. त्याच्याकडे पल्प देणारे पुरवठादार आधीच आहेत. तो हे काम फुकट का करील?

म्हणजे सुरुवात मजकुरापासून होत नाही, मेल कोणाला पाठवायचा यापासून होते. इथेही डब्याची पाठ उपयोगी पडते. ब्रिटनमधल्या भारतीय किराणा दुकानांच्या आणि घाऊक विक्रेत्यांच्या संकेतस्थळांवर मालाची छायाचित्रे असतात. पल्पच्या डब्यांवरची आयातदारांची नावे त्यांतून गोळा करता येतात. ओळखीचे कोणी तिकडे राहत असेल तर दोन-चार दुकानांतल्या डब्यांचे फोटो मागवावेत. नाव मिळाले की ते ब्रिटनच्या कंपनी नोंदवहीत, म्हणजे कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर, विनामूल्य पाहता येते: कंपनी केव्हा स्थापन झाली, चालू आहे की बंद, हिशेब वेळेवर दाखल होतात का. या नोंदीचा आणखी एक उपयोग कायद्याचा आहे. इलेक्ट्रॉनिक संपर्काबद्दलच्या २००३ च्या ब्रिटिश नियमांनुसार मर्यादित कंपनीला तिच्या पूर्वसंमतीशिवाय व्यवसायाचा मेल पाठवता येतो. मात्र आपण कोण हे लपवायचे नाही आणि ‘पुन्हा पाठवू नका’ सांगायची सोय द्यायची. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ही मोकळीक लागू नाही, तो मालक व्यक्तीच धरला जातो. जर्मनीत तर कंपनीलाही आधी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा मेल पाठवणे अनुचित स्पर्धेच्या कायद्यात बसत नाही. तिथे टपालाने पाठवलेले पत्र किंवा प्रदर्शनातली भेट हाच पहिला मार्ग. लंडनचा किंवा बर्लिनचा अधिकारी रत्नागिरीत येऊन काय करणार, असे कोणी म्हणेल. तो येणार नाही. पण ज्याला आपल्या देशाचा नियम मोडणारा मेल आला, तो खाद्यपदार्थांचे नियम हा माणूस पाळत असेल यावर कसा विश्वास ठेवील?

आता एक उदाहरण घेऊ. कारखाना कल्पनेतला आहे, पण त्याचे आकडे कोकणातल्या लहान युनिटला शोभतील असे घेतले आहेत. रत्नागिरीजवळ हापूसचा पल्प भरणारा कारखाना. हंगामात १२० टन पल्प, म्हणजे ८५० ग्रॅमच्या चोवीस डब्यांच्या खोक्यांत भरले तर साधारण सहा-सात वीस फुटी कंटेनर. बहुतेक माल मुंबई-पुण्याच्या आइस्क्रीमवाल्यांकडे जातो. दुबईला दोन खेपा गेल्या आहेत. अन्नसुरक्षेचे एफएसएससी २२००० प्रमाणपत्र आहे, ब्रिटिश सुपरमार्केटे मागतात ते बीआरसीजीएस नाही. पत्ता काढला आहे तो एका मध्यम आकाराच्या आयातदार कंपनीचा, जी स्वतंत्र किराणा दुकानांना आणि रेस्टॉरंटांना माल देते. मेल अर्थातच इंग्रजीत जाणार. त्याचा मजकूर मराठीत असा:

विषय: हापूस पल्प, ८५० ग्रॅम डबा – रत्नागिरी, मे महिन्याचे भरण

‘श्री. (खरेदी व्यवस्थापकांचे आडनाव), तुमच्या यादीत केसर पल्प दोन ब्रँडचा आहे, हापूस एकाच ब्रँडचा. म्हणून लिहितो आहे. आम्ही रत्नागिरीजवळ फक्त हापूसचा पल्प भरतो, गेल्या हंगामात १२० टन. दुसऱ्या जातीचा आंबा कारखान्यात येत नाही, आणि प्रत्येक बॅचचे फळ कोणत्या गावांतून आले याची नोंद आमच्याकडे असते. आमचे एफएसएससी २२००० प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत कारखान्याच्या नावाने पाहता येईल. बीआरसीजीएस नाही. गेल्या हंगामातील एका बॅचचा कीटकनाशकांचे अंश व कथिल यांचा एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल तयार आहे, सांगाल तर पाठवतो. भरण मेच्या मध्यापासून सुरू होते आणि डबे-लेबले त्याआधी ठरवावी लागतात. पुढच्या मंगळवारी किंवा गुरुवारी तुमच्या सकाळी दहा वाजता वीस मिनिटे बोलता येईल का? असा मेल नको असेल तर तेवढे कळवा, पुन्हा लिहिणार नाही.’ खाली नाव, हुद्दा, कारखान्याचा पूर्ण पत्ता, एफएसएसएआय परवाना क्रमांक, फोन.

पहिले वाक्य वितरकाबद्दल आहे आणि ते त्याच्या स्वतःच्या यादीवरून त्याला लगेच पडताळता येते. एवढ्यावरून त्याला दोन गोष्टी कळतात: लिहिणाऱ्याने यादी वाचली आहे आणि त्याला यादीत एक जागा दिसते आहे. ही जागा खरी असलीच पाहिजे असे नाही. कदाचित हापूस खपत नाही म्हणूनच एक ब्रँड असेल. पण मग तो तसे सांगेल, आणि ते ऐकण्यासाठीच तर फोन हवा आहे. ‘तुमच्या नामांकित कंपनीची कीर्ती ऐकून’ अशा वाक्याला मात्र उत्तरच नसते.

‘दुसऱ्या जातीचा आंबा येत नाही’ या वाक्याचे वजन ज्याला हा धंदा माहीत आहे त्यालाच कळते. तोतापुरी हापूसपेक्षा बराच स्वस्त असतो, आणि पल्प झाल्यावर चवीवरून मिसळ ओळखणे सोपे नाही. रंग आणि वास थोडा उतरतो एवढेच. हापूस म्हणून घेतलेल्या डब्यात काय आहे ही शंका प्रत्येक जाणत्या आयातदाराच्या मनात असते. ‘शंभर टक्के शुद्ध’ लिहून ती जात नाही, उलट वाढते. कारखान्यात एकच जात येते आणि बॅचनिहाय गावाची नोंद असते, ही गोष्ट मात्र तपासता येण्यासारखी आहे: कोणत्याही बॅचचा क्रमांक घ्या आणि त्या दिवशीची फळखरेदीची वही मागा. मेच्या मध्यानंतर बाजारातला भाव उतरतो आणि कॅनिंगचा आंबा म्हणून माल कारखान्यांकडे वळतो, तेव्हा रोज टेंपोंच्या रांगा लागतात. त्या गर्दीत जो गावनिहाय नोंद ठेवतो, त्याने ती ठेवली आहे हे सांगितले पाहिजे.

प्रयोगशाळेच्या अहवालात नेमक्या दोन गोष्टींचा उल्लेख आहे, आणि तो उगाच नाही. आंब्याच्या बागेत फवारण्या होतात, म्हणून कीटकनाशकांचे अंश. आणि पल्प आम्लयुक्त असल्यामुळे डब्याच्या आतल्या कथिलाच्या मुलाम्यावर त्याचा परिणाम होतो, म्हणून कथिल. डबाबंद अन्नात त्याची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम आहे. आतून लाख दिलेला डबा असेल तर हा प्रश्न बराच सौम्य होतो, पण महिनोन्‌महिने गोदामात राहणाऱ्या डब्याबद्दल आयातदार तो विचारणारच. ब्रिक्स, पीएच, चिकटपणा असा सगळा तांत्रिक तक्ता मात्र पहिल्या मेलमध्ये नको. हापूस पल्पचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो, म्हणजे बोटुलिझमच्या दृष्टीने महत्त्वाच्या ४.६ या रेषेच्या बराच खाली, हे त्याला माहीत आहे. त्याला हवा असतो तो तुमच्या बॅचचा आकडा, आणि तो फोननंतर जाणाऱ्या कागदांत शोभतो.

‘बीआरसीजीएस नाही’ हे दोन शब्दांचे वाक्य बहुतेकांना खटकेल. उणीव आपणहून का सांगायची? त्याचे उत्तर असे, की ती दडवून मिळालेला फोन पाचव्या मिनिटाला संपतो. वितरक सुपरमार्केटला माल देत असेल तर त्या प्रमाणपत्राशिवाय पुढे जाताच येत नाही. स्वतंत्र दुकानांना आणि रेस्टॉरंटांना देत असेल तर बहुतेक वेळा अन्य मान्य प्रमाणपत्रावर चालते. म्हणजे या वाक्याने तो माणूस गमावला जात नाही, गमावला जातो तो चुकीचा माणूस. आणि ज्याच्याकडे एकही मान्य प्रमाणपत्र नाही, फक्त एफएसएसएआय परवाना आहे, त्याने मेल लिहिण्यापेक्षा ते वर्ष प्रमाणपत्र मिळवण्यात घालवावे. मजकूर कितीही चांगला लिहिला तरी ही उणीव भरून निघत नाही.

सर्वात जोराचा आक्षेप दराबद्दलचा. व्यापारी माणूस आधी भाव विचारतो, मग मेलमध्ये तो का नाही? पहिले कारण, अटींशिवाय दर म्हणजे अर्धाच आकडा. न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढवून दिलेला दर, म्हणजे एफओबी, आणि फेलिक्स्टो बंदरापर्यंत भाडे-विम्यासह दिलेला दर, म्हणजे सीआयएफ, यांत मोठा फरक असतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांनंतर बरीच जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा हे भाडे किती झपाट्याने बदलते ते सर्वांनी पाहिले. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहिणाऱ्याला मेमधला फळाचा भाव माहीतच नसतो. आज आकडा दिला तर तो एकतर फुगवलेला असेल किंवा पुढे मोडावा लागेल, आणि पहिल्याच व्यवहारात मोडलेला दर विसरला जात नाही. तरी आक्षेपात तथ्य आहे: उत्पादकाचे सगळे बळ दरातच असेल, उदाहरणार्थ मोठ्या कारखान्याचा तोतापुरी, तर दर लपवणे मूर्खपणाचे. लहान हापूसवाला मात्र सर्वात स्वस्त कधीच नसतो. त्याने फोनवर गेल्या हंगामाचा एफओबी दर सांगावा आणि यंदाचा कधी ठरेल ती तारीख द्यावी.

दुसरा आक्षेप संख्येचा. पाचशे पत्त्यांवर एकच मजकूर पाठवला तर दहा-बारा तरी उत्तरे येतीलच की! साबण किंवा टी-शर्टच्या बाबतीत हे कदाचित चालेल. ब्रिटनमध्ये भारतीय पल्प आणणाऱ्या, लहान उत्पादकाला परवडतील अशा कंपन्या मोजक्याच आहेत, आणि त्यांचे खरेदी व्यवस्थापक एकमेकांना ओळखतात. त्यांच्यापैकी काहींनी मेलवर स्पॅमची खूण केली की तुमच्या डोमेनवरून जाणारा पुढचा मेलही, अगदी दुबईच्या जुन्या ग्राहकाला पाठवलेले बिलसुद्धा, स्पॅममध्ये पडू लागते. मेल कारखान्याच्या स्वतःच्या डोमेनवरूनच जायला हवा, मोफत खात्यावरून नको. आणि डोमेनच्या नोंदींमध्ये हा मेल आमच्याच सर्व्हरवरून येतो असे सांगणारी एसपीएफची ओळ असली पाहिजे. मेल गूगल वर्कस्पेसवर असेल तर ती अशी दिसते:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

याच्या जोडीला डीकेआयएम आणि डीमार्क यांच्या नोंदी. संकेतस्थळ सांभाळणारा माणूस हे सगळे तासाभरात करून देतो. कॅटलॉगची पीडीएफ जोडू नये. अनोळखी पत्त्यावरून आलेली जोडणी कोणी उघडत नाही, आणि मोठी फाइल गाळण्यांत अडकते.

तिसरा आक्षेप प्रदर्शनवाल्यांचा, आणि तो मला बराचसा मान्य आहे. कोलोनचे अनुगा विषम वर्षांत ऑक्टोबरमध्ये भरते. तिथे पल्प चमच्याने चाखता येतो, जे मेलने होणार नाही. पण स्टॉल, प्रवास, राहणे यांचा खर्च लहान कारखान्याला जड जातो, आणि तिथेही ज्याच्याशी आधी बोलणे झाले आहे तोच वेळ ठरवून भेटतो. बाकीचे नमुना चाखतात, व्हिजिटिंग कार्ड घेतात आणि पुढच्या स्टॉलवर जातात. मेल हा प्रदर्शनाचा पर्याय नव्हे, ती त्याच्या आधीची पायरी आहे.

पाठवल्यावर काय? ब्रिटनमधले सकाळचे दहा म्हणजे हिवाळ्यात आपले दुपारचे साडेतीन आणि मार्चअखेरीस घड्याळे पुढे गेली की अडीच. फोनची वेळ त्यांच्याच घड्याळात लिहावी. आठवडाभर उत्तर नाही तर त्याच मेलच्या धाग्यात दोन ओळी पाठवाव्यात, पण त्यात काहीतरी नवे हवे: ‘गेल्या हंगामातल्या डब्यांचे नमुने लंडनला पाठवायची सोय झाली आहे, हवे असतील तर पत्ता कळवा.’ ‘माझा मेल मिळाला का?’ हे नवे नव्हे. त्यानंतर तीन आठवड्यांनी आणखी एकदा, आणि मग थांबावे. पुढच्या वर्षीच्या जानेवारीत पुन्हा लिहायला हरकत नाही. ‘आमच्याकडे पुरवठादार आहेत’ असे उत्तर आले तर ते नकार समजून गप्प बसू नये. तुम्ही पुरवठादारांचा फेरविचार वर्षातून कधी करता, एवढे एका ओळीत विचारावे. उत्तर देणाऱ्याने आपला पत्ता जिवंत आहे आणि तो वाचतो, हे आधीच सांगितले आहे.

सावध व्हावे ते फार झटपट आलेल्या उत्साही उत्तराने. कंपनीचे नाव प्रसिद्ध, पण मेलच्या डोमेनमध्ये एखादे अक्षर वेगळे. पहिलीच ऑर्डर दोन कंटेनरची, उधारीवर. आणि फोनवर यायला टाळाटाळ. अशा वेळी कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर आपण फोन करून हा माणूस तिथे आहे का, हे विचारावे. खरा खरेदी व्यवस्थापक बहुधा उलट वागतो. तो लिहितो, ‘गुरुवार चालेल. प्रमाणपत्र पाहिले. त्याआधी गेल्या वर्षीच्या दोन बॅचचे क्रमांक आणि अहवाल पाठवा.’ हे आले की सबंध फाइल पाठवू नये. मागितलेले दोन अहवाल आणि त्या दोन बॅचच्या फळखरेदीच्या पानांचे फोटो पाठवावेत. आणि गुरुवारी फोनवर विक्रीचा माणूस एकटा नको, त्या बॅच भरल्या तेव्हा कढईजवळ उभा असणारा उत्पादन पर्यवेक्षकही हवा. पहिला प्रश्न बहुधा त्यालाच येतो.